तारे तीन, तरी युनिट जास्त : फ्रिजच्या लेबलवरून दोन मॉडेलची तुलना (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका चौकोनी कुटुंबाने फ्रिज बदलायचे ठरवले, तेव्हाची ही हकिगत आहे. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई अशी चार माणसे आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून नावे, गाव, दुकान आणि फ्रिजच्या कंपन्या येथे दिलेल्या नाहीत. आकडे मात्र त्यांनी लिहून ठेवलेल्या कागदावरूनच घेतले आहेत. घरातला जुना फ्रिज बारा-तेरा वर्षांचा होता. त्याचा गॅस दोनदा भरून झाला होता आणि तरीही खालच्या कप्प्यात दूध टिकत नव्हते. तिसऱ्यांदा गॅस भरण्यात अर्थ नाही, असे दुरुस्तीवाल्यानेच सांगितल्यामुळे नवा फ्रिज घ्यायचा हे ठरले. जुना फ्रिज जेमतेम का होईना चालू असल्यामुळे निवड करायला थोडा वेळ हाताशी होता, आणि पुढचे बरेच काही त्या वेळामुळेच शक्य झाले.

घरचा वीजवापर महिन्याला साधारण 180 युनिट होता. बिल एकोणीसशे रुपयांच्या आसपास येत असे. घरातील सूनबाई खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहतात. फ्रिज घेताना विजेचा खर्चही धरायचा, हा आग्रह त्यांचा होता. सासूबाईंचे म्हणणे साधे होते : "मोठं पातेलं झाकणासकट आत मावलं पाहिजे, एवढं बघा." दोन्ही अपेक्षा रास्त होत्या. पुढे असे दिसले की, निर्णयाचा खरा धागा सासूबाईंच्या वाक्यात होता.

समस्या

दुकानात दोन मॉडेल पसंतीस उतरली. दोन्ही दोन दारांची आणि फ्रॉस्ट फ्री होती, म्हणजे फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचू न देणारी. पहिल्याला आपण 'क' म्हणू. त्याची साठवण क्षमता 236 लिटर, लेबलवर दोन तारे आणि किंमत 24,900 रुपये होती. दुसऱ्याला 'ख' म्हणू. त्याची क्षमता 322 लिटर, तारे तीन आणि किंमत 33,400 रुपये होती. विक्रेत्याचा युक्तिवाद असा होता की, 'ख'ला एक तारा जास्त आहे, त्यात गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, त्यामुळे वीज कमी लागेल आणि जास्तीचे साडेआठ हजार रुपये बिलातून हळूहळू वसूल होतील. ऐकायला हे पटण्यासारखे होते. नवऱ्याने तर मनातल्या मनात 'ख' घेऊनही टाकला होता.

सूनबाईंनी दोन्ही दारांवरच्या लेबलांचे फोटो काढले आणि घरी येऊन ते शांतपणे वाचले. ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बोलण्यात ज्याला बीईई म्हणतात त्या संस्थेचे हे लेबल असते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजवर ते 2010 पासून सक्तीचे आहे. वरच्या कमानीत तारे मोठे आणि रंगीत असतात, त्यामुळे नजर तिथेच थांबते. मात्र ताऱ्यांखाली एक आकडा असतो आणि त्यापुढे 'युनिट प्रति वर्ष' असे लिहिलेले असते. त्याच्या खाली उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेलचा क्रमांक आणि लिटरमधील क्षमता असते, तसेच ते लेबल कोणत्या कालावधीसाठी वैध आहे हेही छापलेले असते. 'क'च्या लेबलवर वर्षाला 196 युनिट होते आणि 'ख'च्या लेबलवर 209.

म्हणजे ज्याला तारे जास्त, तोच फ्रिज वर्षाला 13 युनिट अधिक खाणार होता. सूनबाईंना आधी वाटले की आपण फोटो उलटसुलट पाहतो आहोत. तसे नव्हते.

तारे आणि युनिट उलट का दिसले

या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त भाग हा आहे, म्हणून येथे जरा थांबायला हवे. फ्रिजचा तारा हा एकूण वीजवापराला दिलेला गुण नाही. त्या प्रकारच्या आणि त्या आकाराच्या फ्रिजला जेवढी वीज लागणे अपेक्षित आहे, तिच्या तुलनेत हा फ्रिज किती कमी वीज घेतो, एवढेच तारा सांगतो. फ्रिज मोठा असेल तर त्याला मुळातच जास्त युनिटांची मुभा मिळते. ही मुभा ठरवताना फ्रीझरमधला एक लिटर आणि खालच्या कप्प्यातला एक लिटर सारखे मोजत नाहीत. फ्रीझर अधिक थंड ठेवावा लागतो, म्हणून त्याचा लिटर हिशेबात दीडपटीहून थोडा जास्त धरला गेला आहे. 'ख'चा फ्रीझर 80 लिटरचा होता आणि 'क'चा 53 लिटरचा. त्यामुळे 'ख'ला मिळालेली मुभा नुसत्या लिटरवरून वाटते त्याहूनही थोडी मोठी होती.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक तारा हा एक ठिपका नसून पट्टा असतो. आजवरच्या तक्त्यांत एका ताऱ्याच्या पट्ट्याची वरची मर्यादा आणि खालची मर्यादा यांत साधारण पाचव्या भागाचे अंतर राहिले आहे. त्यामुळे एकाच आकाराचे आणि दोघांनाही तीन तारे असलेले दोन फ्रिज घेतले, तरी त्यांच्या वार्षिक वापरात तीस-पस्तीस युनिटांचा फरक असू शकतो. एखादा फ्रिज तीन ताऱ्यांच्या पट्ट्यात कसाबसा शिरलेला असतो, तर दुसरा दोन ताऱ्यांच्या पट्ट्यात राहूनही तिसऱ्या ताऱ्याच्या उंबरठ्याशी पोहोचलेला असतो. येथे नेमके हेच झाले होते. 'क' आपल्या पट्ट्याच्या चांगल्या टोकाला होता आणि 'ख' आपल्या पट्ट्याच्या कमजोर टोकाला. त्यात 'ख' आकाराने मोठा. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर ताऱ्यांचा क्रम आणि युनिटांचा क्रम उलटा झाला.

विक्रेता खोटे बोलत होता असे मात्र म्हणता येणार नाही. दर लिटरमागे पाहिले तर 'ख' खरोखरच काटकसरी होता : 'क'ला एका लिटरमागे वर्षाला सुमारे 0.83 युनिट लागत होते, तर 'ख'ला सुमारे 0.65. पण बिल लिटरवर येत नाही, युनिटांवर येते. वापरात न येणाऱ्या लिटरची काटकसर कोणाच्या खात्यात जमा होत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचेही तसेच आहे. त्यामुळे होणारी बचत लेबलवरच्या वार्षिक आकड्यात आधीच धरलेली असते. ती आणखी एकदा मिळेल असे धरणे म्हणजे एकच सवलत दोनदा वजा करण्यासारखे झाले.

तपासलेले पर्याय

पहिला निर्णयबिंदू येथे आला. 'ख' वीज वाचवत नाही हे कळल्यावर निमूटपणे 'क' घ्यायचा, की प्रश्नच बदलायचा? नवऱ्याचा कल पहिल्या मार्गाकडे होता. सूनबाईंनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या मते हे दोन फ्रिज मुळात तुलनेची जोडी नव्हतेच, कारण त्यांच्या क्षमतेत 86 लिटरचा फरक होता. आधी किती लिटर हवेत ते ठरवायचे आणि मग त्याच क्षमतेच्या दोन मॉडेलचे युनिट ताडून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता.

किती लिटर हवेत, हे त्यांनी जुन्या फ्रिजवरून ठरवले. जुन्या माहितीपत्रकावर 230 लिटर असे लिहिले होते, पण ती ग्रॉस क्षमता होती. ग्रॉस म्हणजे आतल्या पोकळीचे एकूण माप. त्यातून वापरता न येणारी जागा वगळली की प्रत्यक्ष साठवणीची क्षमता उरते, आणि ती कमी भरते. नव्या फ्रिजची 236 लिटर ही मात्र साठवण क्षमता होती. म्हणजे कागदावर सहाच लिटरचा फरक दिसत असला, तरी प्रत्यक्षात नव्या फ्रिजमध्ये जागा त्याहून बरीच अधिक मिळणार होती. दोन फ्रिजचे लिटर ताडताना दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत ना, हे पाहिले नाही तर येथे सहज गफलत होते.

मग जुन्या फ्रिजमध्ये अडचण नेमकी कुठे होते, ते घरातल्यांनी पाहिले. फ्रीझरमध्ये बर्फाचे ट्रे आणि मटारची एखादी पिशवी सोडली तर फारसे काही नसायचे. अडचण व्हायची ती पातेल्यांची, कारण दोन कप्प्यांमधली उंची कमी पडत होती. सासूबाईंची तक्रार लिटरची नव्हती, उंचीची होती. 'क'मधला मधला काचेचा कप्पा वर सरकवता येत होता. दुसऱ्या वेळी दुकानात जाताना त्यांनी घरातल्या पातेल्याची झाकणासह उंची दोऱ्याने मोजून नेली आणि ते बसते हे तिथेच ताडून पाहिले. यानंतर 'ख'साठी साडेआठ हजार रुपये अधिक देण्याचे एकही कारण उरले नाही. त्या जास्तीच्या 86 लिटरपैकी 27 लिटर तर फ्रीझरचेच होते, आणि फ्रीझर या घरात निम्मा रिकामाच राहायचा.

मध्येच एका नातेवाइकाने एका दाराचा फ्रिज सुचवला. त्याला पाच तारे होते आणि युनिटही बरेच कमी होते. या पर्यायाचा विचार थोडक्यात संपला, पण त्यातला एक मुद्दा नोंदवण्याजोगा आहे. एका दाराचा, हाताने बर्फ वितळवावा लागणारा डायरेक्ट कूल फ्रिज आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिज यांचे ताऱ्यांचे तक्ते वेगळे असतात, त्यामुळे त्यांचे तारे एकमेकांशी ताडता येत नाहीत. युनिट मात्र ताडता येतात. डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर यांवर वीज खर्च होत नाही, म्हणून त्याचे युनिट कमी असणे स्वाभाविक आहे. ज्यांना लहान फ्रीझर चालतो आणि वेळच्या वेळी बर्फ काढायचा कंटाळा नाही, त्यांच्यासाठी तो उत्तम पर्याय आहे. या घरात सासूबाईंना ते काम नको होते आणि त्याची क्षमताही कमी पडत होती, म्हणून तो बाजूला ठेवला गेला.

राहिली ती खरी जोडी. दुकानात त्यांनी 'क'च्याच क्षमतेचे, फ्रॉस्ट फ्रीच, पण तीन ताऱ्यांचे मॉडेल मागितले. ते त्याच कंपनीचे निघाले. त्याला 'ग' म्हणू. क्षमता तीच 236 लिटर, वर्षाला 168 युनिट आणि किंमत 27,600 रुपये. आता प्रश्न नेमका झाला : 2,700 रुपये अधिक देऊन वर्षाला 28 युनिट वाचवणे परवडते का?

एका युनिटची किंमत

दुसरा निर्णयबिंदू हा होता, आणि बहुतेक घरांत हिशेब येथेच चुकतो. सूनबाईंनी आधी सरळ भागाकार केला. बिल सुमारे 1,890 रुपये आणि वापर 180 युनिट, म्हणजे एका युनिटला साडेदहा रुपये. या दराने 28 युनिटांचे वर्षाला 294 रुपये होतात आणि 2,700 रुपये वसूल व्हायला नऊ वर्षांहून जास्त काळ लागतो.

पण या भागाकारात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. बिलातला स्थिर आकार एखादे युनिट कमी वापरल्याने कमी होत नाही, म्हणून तो बचतीच्या हिशेबात धरता येत नाही. शिवाय घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून वजा होते. महिन्याला 180 युनिट वापरणाऱ्या घरात फ्रिजमुळे दोन-अडीच युनिट वाचले, तर ते शंभरच्या पुढच्या टप्प्यातलेच असतात. म्हणून त्या टप्प्यातला वीज आकार आणि वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा वहन आकार घ्यायचा, त्यावर 16 टक्के वीज शुल्क चढवायचे, आणि जो दर येईल तोच बचतीचा दर धरायचा. या घरासाठी तो जवळपास 13 रुपये आला. त्या दराने 28 युनिटांचे वर्षाला 364 रुपये होतात आणि 2,700 रुपये वसूल होण्याचा काळ सात वर्षे पाच महिन्यांवर येतो.

याची उलट बाजूही त्यांच्या कागदावर आहे. एखाद्या घराचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत असता, तर त्याच्या शेवटच्या युनिटाची किंमत शुल्कासह सात रुपयांच्या आसपास राहिली असती आणि हेच 2,700 रुपये वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षे लागली असती. त्या घराला 'क' घेणेच शहाणपणाचे ठरले असते. लेबल दोघांसाठी तेच, युनिटही तेच, पण उत्तर वेगळे. दुकानात कोणी 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' असे ठामपणे सांगत असेल, तर तो कोणाच्या बिलाचा दर धरून बोलतो आहे, हे विचारायला हरकत नसावी.

केलेली कृती

फ्रिज दहा वर्षे चालेल असे धरून त्यांनी एक मर्यादा ठरवली. 28 युनिट, 13 रुपये आणि दहा वर्षे यांचा गुणाकार 3,640 रुपये येतो. 'क' आणि 'ग' यांच्या किमतीतला फरक यापेक्षा कमी असेल तर 'ग' घ्यायचा, जास्त असेल तर 'क'. दर पुढे वाढतील, ही शक्यता त्यांनी मुद्दाम धरली नाही. आज दिलेल्या पैशांवर दहा वर्षांत मिळणारे व्याजही धरले नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. त्या काटेकोरपणे मोजण्याइतकी ही रक्कम मोठी नव्हती, हा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

खरेदीच्या दिवशी ही मर्यादा लगेच कामी आली. जुना फ्रिज परत घेण्याच्या योजनेत दुकानदाराने 'क'वर 1,200 रुपयांची सूट सांगितली, 'ग'वर काहीच नाही. फरक 2,700 वरून 3,900 झाला, म्हणजे मर्यादेच्या बाहेर गेला. सूनबाईंनी सरळ सांगितले की, जुना फ्रिज तोच असताना त्याची किंमत नव्या मॉडेलप्रमाणे बदलण्याचे कारण नाही. 'ग'वर सूट मिळणार नसेल तर आम्ही 'क' घेऊ. थोड्या बोलाचालीनंतर 'ग'वर 700 रुपये कमी झाले. 'क' 23,700 रुपये आणि 'ग' 26,900 रुपये, फरक 3,200. मर्यादेच्या आत असल्यामुळे त्यांनी 'ग' घेतला.

पैसे देण्यापूर्वी त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. 'क' आणि 'ग' एकाच मालिकेतले होते. बाहेरून दिसायला सारखे, आणि मॉडेलच्या लांबलचक क्रमांकात फरक फक्त एका अंकाचा व एका अक्षराचा होता. दुकानात मांडलेल्या नमुन्यावरचे लेबल आणि गोदामातून घरी येणाऱ्या खोक्यातला फ्रिज वेगळा निघण्याचा धोका अशा वेळी खरा असतो. म्हणून त्यांनी पावतीवर पूर्ण क्रमांक लिहून घेतला आणि ब्युरोच्या 'बीईई स्टार लेबल' या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक शोधून 168 हा आकडा जुळतो हे पाहिले. लेबलवरचा वैधतेचा कालावधीही दोन्ही मॉडेलवर सारखाच होता. हे पाहणे आवश्यक होते, कारण ताऱ्यांचा तक्ता काही वर्षांनी अधिक कडक केला जातो. 2023 च्या सुरुवातीला फ्रिजसाठी असा बदल झाला, तेव्हा आदल्या वर्षी मिळालेला तारा टिकवण्यासाठी तेवढ्याच फ्रिजला आणखी कमी वीज घ्यावी लागली. जुन्या कालावधीचे तीन तारे आणि नव्या कालावधीचे तीन तारे म्हणूनच एका रांगेत मांडता येत नाहीत. कालावधीबरोबर चाचणीची पद्धतही बदललेली असू शकते. म्हणून जोडीतल्या दोन्ही लेबलांचा कालावधी एकच असलेला बरा.

परिणाम

नवा फ्रिज घरी आल्यावर सूनबाईंनी प्लगला लावायचा छोटा वीजमापक एका सहकाऱ्याकडून आणला. लेबलवरच्या 168 युनिटांना 365 ने भागले की रोजचे 0.46 युनिट येतात. मे महिन्यात मापकाने रोजचे सरासरी 0.62 युनिट दाखवले. घरात थोडी निराशा झाली आणि 'लेबल खोटं आहे' असा शेराही नवऱ्याने मारला.

लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानात मोजलेला असतो. तेथे घरातल्यासारखी दारांची उघडझाप नसते, कोमट भाजीचे पातेले आत जात नाही आणि शेजारी शेगडी पेटलेली नसते. प्रत्यक्ष वापर उपकरण कसे वापरले जाते यावर अवलंबून राहील, असे लेबलवरच बारीक अक्षरात छापलेले असते. या घरात आणखी एक कारण सापडले. फ्रिज कोपऱ्यात मागच्या आणि डाव्या भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवला होता. आतून काढलेली उष्णता फ्रिज बाहेर सोडतो, आणि ती निघून जायला जागा नसेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. वापराच्या पुस्तिकेत सांगितलेले अंतर सोडून फ्रिज पुढे ओढल्यावर, त्याच कडक उन्हाळ्यात रोजचा आकडा 0.56 च्या आसपास आला. जानेवारीत तो 0.40 होता, म्हणजे लेबलपेक्षाही कमी. ऋतूंप्रमाणे असा चढउतार राहणारच; एकाच महिन्याच्या मापावरून लेबल खरे की खोटे हे ठरवता येत नाही.

सासूबाईंचे पातेले झाकणासकट मावते. दोन ताऱ्यांचा की तीन, हे त्यांनी आजवर विचारलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

लिटर आधी ठरवले असते तर 'क' आणि 'ख' यांची तुलना झालीच नसती. पहिल्याच फेरीत कुटुंबाने दुकानदाराला 'चांगला दोन दारांचा फ्रिज दाखवा' एवढेच सांगितले होते. त्याऐवजी '230 ते 245 लिटर, फ्रॉस्ट फ्री, त्यातली दोन आणि तीन ताऱ्यांची मॉडेल' असे सांगितले असते, तर 'ग' त्याच दिवशी समोर आला असता. तीन ताऱ्यांची एकाहून जास्त मॉडेल पाहायला हवी होती, हेही खरे. तीन ताऱ्यांच्या पट्ट्यात 168 पेक्षा आणखी कमी युनिटांचे, दुसऱ्या कंपनीचे मॉडेल असू शकते. त्यांनी एकाच कंपनीत शोध थांबवला, कारण त्या कंपनीचे सेवा केंद्र घराजवळ आहे. ते कारण पुरेसे आहे, पण तो निर्णय युनिटांवर झालेला नाही.

मर्यादेच्या हिशेबात मात्र एक बाजू कच्ची राहिली. 28 युनिटांचा फरक लेबलवरचा आहे, आणि घरात वापर लेबलपेक्षा वेगळा होतो हे मापकाने दाखवले. दोन्ही मॉडेलचा वापर सारख्याच प्रमाणात वाढतो असे धरले, तर वर्षभरात एक दशांश वापर वाढल्यास फरकही 28 वरून 31 युनिटांच्या आसपास जातो आणि 'ग'ची बाजू थोडी बळकट होते. पण 'ग'मध्ये इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे आणि 'क'मध्ये नाही. भर उन्हाळ्यात कॉम्प्रेसरला जवळजवळ सतत जोर लावून चालावे लागते, तेव्हा या दोन प्रकारांतले अंतर नेमके किती उरते हे वर्षाच्या एका आकड्यावरून काढता येत नाही. 3,200 आणि 3,640 यांच्यामध्ये 440 रुपयांचेच अंतर होते, म्हणजे निर्णय काठावरचा होता. 'ग'वरची 700 रुपयांची सूट मिळाली नसती, तर 'क' घेऊनही या कुटुंबाचे काही बिघडले नसते. 'ख' घेतला असता, तर मात्र दहा वर्षांत 'ग'च्या मानाने सुमारे पाच हजार रुपयांची वीज अधिक गेली असती, आणि तीही निम्मा रिकामा फ्रीझर थंड ठेवण्यासाठी.